मुदतवाढ मागावी की गप्प बसावं? बी-१ करारातली तीन कलमं

१९५५ साली नाशिक डाव्या कालव्याच्या दुसऱ्या मैलावर आळंदी नदीवरून पाणी पलीकडे नेणारा एक जलसेतू बांधायचा होता. काम १ लाख ७ हजार रुपयांचं, मुदत बारा महिन्यांची. कार्यारंभ आदेश २ जुलै १९५५ चा, काम सुरू करायची तारीख ५ जुलै आणि संपवायची ४ जुलै १९५६. त्या वर्षी जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत नाशिक भागात जोरदार पाऊस झाला, कामावर जायला धड रस्ता नव्हता आणि आणलेला माल अधिकाऱ्यांनी योग्य कारणाशिवाय नाकारला, असं कंत्राटदाराचं म्हणणं होतं. मुदत टळली. ऑगस्ट १९५६ मध्ये कार्यकारी अभियंत्यांनी करार रद्द केला आणि अनामत जप्त केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७९ साली निकाल लागला, तो कंत्राटदाराच्या बाजूने.

हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो निकाल आजही रोज उद्धृत होतो. न्यायालयाचं म्हणणं असं होतं की, मुदत पाळणं हा कराराचा गाभा आहे असं वाक्य करारात असलं तरी ते एकटं वाचायचं नसतं. त्याच करारात उशीर झाला तर दिवसागणिक भरपाई घ्यायचं कलम आहे आणि कारण असेल तर मुदत वाढवून द्यायचंही कलम आहे. ज्या करारात उशिराची सोय आधीच करून ठेवली आहे, त्यात केवळ तारीख टळली म्हणून सरकारला करार मोडता येत नाही. आधी नवी वाजवी मुदत द्यावी लागते, ती पाळली नाही तर करार रद्द होईल असं बजावावं लागतं.

त्या निकालातली ही कलमं महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ निविदेत आजही जवळपास त्याच शब्दांत आहेत. जलसंपदा विभाग, जिल्हा परिषदा आणि कितीतरी नगरपालिका याच साच्यावर काम देतात. बी-१ म्हणजे अंदाजपत्रकी दरांवर टक्केवारीने भरायची निविदा. प्रत्येक बाबीला स्वतंत्र दर भरायचा असेल तर ती बी-२. दोन्हीच्या अटी बहुतांशी सारख्याच. कंत्राटदार निविदा भरताना परिमाणं आणि दर बारकाईने तपासतो, पण मागची छापील पानं सही करून सोडून देतो. मुदतवाढ मागायची की नाही, हा प्रश्न पडतो तेव्हा उत्तर त्या पानांवरच्या तीन कलमांत असतं. कलम २ उशिराच्या भरपाईचं, कलम ६ मुदतवाढीचं आणि कलम १४ कामातल्या बदलाचं. तिन्ही एकत्र वाचली तरच त्यांचा अर्थ लागतो. म्हणून एक काम डोळ्यांपुढे धरू आणि त्यावर ही कलमं लावून पाहू.

समजा, तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालयाची इमारत बांधायची आहे. निविदेतली अंदाजित किंमत ४ कोटी रुपये आणि सोपं जावं म्हणून कंत्राटदाराची रक्कमही तेवढीच. मुदत १८ महिने, पावसाळा धरून. कार्यारंभ आदेश १० जानेवारी २०२४ चा, म्हणजे काम ९ जुलै २०२५ ला पुरं व्हायला हवं. आदेश मिळाला तेव्हा जागेवर जुनी झाडं उभी होती. ती तोडायची परवानगी विभागाने आणायची होती. ती आली आणि जागा मोकळी झाली २० फेब्रुवारीला. पुढे पायाचे खड्डे घेतले तर काळी माती अपेक्षेपेक्षा फार खोल निघाली. १ मे रोजी उपअभियंत्यांनी पायाचं काम थांबवायला सांगितलं, सुटे फूटिंग रद्द होऊन सगळ्या इमारतीखाली राफ्ट घ्यायचं ठरलं आणि सुधारित नकाशा हातात पडला १५ जूनला. या बदलाने काम ४८ लाख रुपयांनी वाढलं. कंत्राटदाराचा आजचा हिशेब सांगतो की इमारत २० डिसेंबर २०२५ च्या आधी पुरी होत नाही. म्हणजे १६४ दिवसांचा उशीर.

आता कलम २. करारानुसार काम ठरल्या तारखेला सुरू झालं नाही किंवा संपलं नाही, तर राहिलेल्या प्रत्येक दिवसाला कंत्राटदाराने भरपाई द्यायची. ती अंदाजित किमतीच्या एक टक्का किंवा अधीक्षक अभियंता ठरवतील तेवढी कमी रक्कम. एकूण भरपाई अंदाजित किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त होत नाही. हे वाचताना बहुतेकांची नजर '१० टक्के' या कमाल आकड्यावर जाते आणि मनाला जरा बरं वाटतं. पण रोजचा दर बघा. ४ कोटींचा एक टक्का म्हणजे दिवसाला ४ लाख. पूर्ण दराने आकारणी झाली तर दहाव्या दिवशी ४० लाखांची कमाल मर्यादा गाठली जाते. अकराव्या दिवसाचा आणि १६४ व्या दिवसाचा उशीर मग सारखाच महाग. शिवाय टक्केवारी उरलेल्या कामावर नाही, संपूर्ण कामाच्या अंदाजित किमतीवर आहे. इमारत ९५ टक्के पुरी होऊन फक्त बाहेरचे पेव्हर राहिले असले, तरी करारातला आकडा बदलत नाही.

प्रत्यक्षात एक टक्का क्वचितच लावतात. आकारणी पुष्कळ कमी होते, कधी दिवसाला ठरावीक किरकोळ रक्कम. पण 'कमी रक्कम' ठरवायचा अधिकार अधीक्षक अभियंत्यांचा आहे आणि ते समोरच्या फायलीवरून ठरवतात. फायलीत तुमचं एकही पत्र नसेल तर ते कशाच्या आधारे कमी करतील?

याच कलमाचा दुसरा भाग बरेच जण विसरतात. मुदतीचा पाव भाग संपेल तेव्हा पाव काम, अर्धा संपेल तेव्हा अर्धं, पाऊण संपेल तेव्हा पाऊण काम झालेलं असलं पाहिजे. ते नसेल तर तिथेही भरपाई लागू होते. आपल्या उदाहरणात पहिला टप्पा येतो २५ मे २०२४ ला. त्या दिवशी पायाचं काम विभागाच्याच आदेशाने बंद होतं! पण हे कागदावर कुठे आलं नसेल, तर प्रगती अहवालात फक्त एवढंच दिसतं की पाव मुदत गेली आणि काम पाव नाही. पुढच्या सगळ्या नोटिशींचा पाया तिथे पडतो.

मग येतं कलम ६, आणि सगळा निर्णय इथेच अडतो. कंत्राटदाराला मुदतवाढ हवी असेल तर त्याने कार्यकारी अभियंत्यांकडे लेखी अर्ज करायचा. कधी? मूळ मुदत संपण्याआधी, किंवा अडथळा ज्या दिवशी आला त्या दिवसापासून ३० दिवसांत. या दोहोंपैकी जे आधी येईल तेव्हा. अठरा महिन्यांच्या कामात हे 'आधी' जवळपास नेहमी ३० दिवसांचंच असतं. आणि ते ३० दिवस अडथळा आला त्या दिवसापासून मोजायचे, तो संपला त्या दिवसापासून नाही.

आपल्या रुग्णालयाला हे लावून पाहा. जागेचा अडथळा १० जानेवारीला सुरू झाला, म्हणजे अर्ज ९ फेब्रुवारीपर्यंत हवा होता. झाडं निघाली २० फेब्रुवारीला. पायाचं काम थांबलं १ मे रोजी, अर्जाची शेवटची तारीख ३१ मे. नकाशा आला १५ जूनला. दोन्ही वेळा अडथळा संपायच्या आधी अर्जाची मुदत संपते. 'किती दिवस जातात ते बघू, मग एकदमच लिहू' असं म्हणणारा कंत्राटदार कराराप्रमाणे उशिरा पोचतो. किती दिवस लागतील हे माहीत नसताना पत्र लिहायचं असतं. पहिल्या पत्रात अडथळा काय आणि कधीपासून, एवढंच पुरतं. तो दूर झाला की दुसऱ्या पत्रात दिवस मांडायचे.

हे पत्र लांबलचक नसावं. माझ्या मते ते इतकंच असावं: 'संदर्भित कामाच्या पायाचे खोदकाम चालू असताना आज दि. १ मे २०२४ रोजी मा. उपअभियंता यांनी साइट ऑर्डर बुकात दिलेल्या आदेशानुसार फूटिंगचे काम थांबविले आहे. सुधारित नकाशा मिळेपर्यंत पायाचे व त्यावर अवलंबून असलेले कोणतेही काम करता येत नाही. जागेवर ६ गवंडी, २२ मजूर, एक मिक्सर व बांधलेले स्टील पडून आहे. कराराच्या कलम ६ अन्वये मुदतवाढीसाठी हा अर्ज आहे. लागणारे दिवस अडथळा दूर होताच कळवू. अडथळ्यामुळे होणाऱ्या खर्चाबाबतचा हक्क राखून ठेवत आहे.' सोबत साइट ऑर्डर बुकाच्या पानाची प्रत आणि तारखेसह फोटो. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. व्हॉट्सअॅपवर शाखा अभियंत्यांना पाठवलेला फोटो उपयोगी असतो, पण आवक शिक्क्याची जागा तो घेत नाही.

पत्रातलं शेवटचं वाक्य सवयीने लिहिलेलं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५५ सांगतं की एका पक्षाने वेळ पाळली नाही आणि दुसऱ्याने तरीही उशिराची पूर्तता स्वीकारली, तर स्वीकारतानाच भरपाई मागण्याचा इरादा कळवला नसेल तर नंतर भरपाई मागता येत नाही. विभागाने जागा उशिरा दिली आणि तुम्ही मुकाट्याने ती घेऊन काम सुरू केलं, तर त्या उशिराच्या खर्चावरचा तुमचा दावा बराचसा तिथेच संपतो. एक वाक्य लिहिलं असेल तर तो उभा राहतो.

आता ३० दिवस उलटून गेले असतील तर सगळं संपलं का? तसं नाही. विभागाकडे मुदतवाढीचे प्रस्ताव उशिरा येतात, वर जातात आणि कामाच्या शेवटी, अंतिम देयकाच्या तोंडावर कार्योत्तर मंजूरही होतात. विभागालाही ते हवे असतात, कारण मुदत संपलेल्या आणि वाढ मंजूर नसलेल्या कामाचं देयक काढताना लेखा शाखा अडते, रक्कम रोखून ठेवते. पण उशिरा गेलेला अर्ज म्हणजे विनंती, आणि वेळेत गेलेला म्हणजे करारातला हक्क. कार्यकारी अभियंता बदलून गेले, लेखापरीक्षणात शेरा आला, की हा फरक रुपयांत दिसतो. उशीर झाला असेल तर आजच अर्ज करा, उशीर का झाला ते लिहा आणि अडथळ्याच्या वेळचे सगळे कागद जोडा.

कलम १४ कामातल्या बदलाचं. अभियंत्याला नकाशे, तपशील, परिमाणं यात बदल करायचा अधिकार आहे आणि लेखी आदेश आला की कंत्राटदाराने ते काम करायचं. करारात ज्या बाबीचा दर आहे ती त्याच दराने. ज्या बाबीला दर नाही तिचा दर विभागाच्या दरसूचीतून किंवा परस्पर संमतीने, यातला जो कमी तो. दरसूचीतही नसलेली बाब दर ठरायच्या आधीच करायला सांगितली, तर आदेश मिळाल्यापासून सात दिवसांत आपला दर कळवायचा. दर ठरायच्या आधीच काम सुरू केलं तर अभियंता ठरवेल तो दर घ्यावा लागतो. कार्यालयात ज्याला जादा बाब म्हणतात तिचे सगळे वाद बहुधा या सात दिवसांत जन्माला येतात. निविदेतल्या बाबीचं परिमाण पंचवीस टक्क्यांहून जास्त वाढलं तर त्या वाढीव भागाच्या दराचं कलम ३८ वेगळं आहे. त्याचा वेळेशी संबंध नाही म्हणून इथे सोडतो.

वेळेच्या दृष्टीने कलम १४ मधलं एकच वाक्य महत्त्वाचं आहे. बदलामुळे कामाची किंमत ज्या प्रमाणात वाढली, त्याच प्रमाणात मुदत वाढवायची. या प्रमाणाबद्दल प्रभारी अभियंत्याचं प्रमाणपत्र अखेरचं. आपल्या उदाहरणात ४८ लाख भागिले ४ कोटी, म्हणजे १२ टक्के. १८ महिन्यांचे १२ टक्के म्हणजे दोन महिन्यांहून थोडं जास्त, ६५ दिवस.

हे ६५ दिवस मागताना कंत्राटदार दोन चुका करतात. पहिली म्हणजे हे दिवस आपोआप मिळतील असं धरून चालतात. वाढीचा नियम करारात असला तरी प्रमाणपत्र निघावं लागतं, आणि ते मागितल्याशिवाय निघत नाही. सुधारित अंदाजपत्रक मंजूर झालं, म्हणजे वेळही मंजूर झाली असं होत नाही. ते पैशाचे कागद आहेत. दुसरी चूक अधिक नुकसानीची. १ मे ते १५ जून हे नकाशाची वाट पाहण्यात गेलेले ४५ दिवस या ६५ मध्ये आलेच, असं कार्यालय म्हणतं आणि कंत्राटदार मान डोलावतो. ते येत नाहीत. प्रमाणातली वाढ ही वाढलेलं काम करण्यासाठी आहे. राफ्टचं जास्तीचं स्टील बांधायला, जास्तीचं काँक्रीट ओतायला लागणारा वेळ तो. हात बांधून बसलेले ४५ दिवस हा वेगळा अडथळा आहे. तो कलम ६ खाली येतो आणि त्याचा अर्जही वेगळा हवा.

पैशाच्या प्रमाणात वेळ देण्याची ही पद्धत सोपी आहे, न्याय्य आहेच असं नाही. पायातली ५ लाखांची बाब वरची सगळी इमारत अडवून धरते. हिशेबाने तिला सातेक दिवस मिळतात. उलट ४० लाखांची कुंपणभिंत वाढवली तर ती इमारतीच्या बरोबरीने चालते, एकही दिवस जात नाही, पण प्रमाणाने ५५ दिवस पदरात पडतात. म्हणून पायातल्या बदलाच्या वेळी नुसतं प्रमाण मागू नये. बार चार्टवर मूळ क्रम आणि बदललेला क्रम शेजारी मांडून, कोणतं काम कशामुळे थांबलं हे कलम ६ च्या अर्जात दाखवावं.

अडथळे मोजताना दरवेळी एकच कसोटी लावायची: त्यामुळे कामाची शेवटची तारीख हलली का? कुंपणभिंतीचा नकाशा दोन महिने उशिरा आला पण इमारतीचं काम अखंड चालू होतं, तर तो अडथळा फायलीत नोंदवा, दिवस मागू नका. पावसाचंही तसंच. मुदत 'पावसाळा धरून' असेल तर नेहमीच्या पावसाचे दिवस कंत्राटदाराचेच. जवळच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी दाखवून त्या वर्षी अतिवृष्टी झाली हे सिद्ध करता येत असेल, तरच तो मुद्दा घ्यावा. मात्र नकाशा १५ जूनला आल्यामुळे कोरड्या मे महिन्यात व्हायचं पायाचं काम पावसात ढकललं गेलं, हे म्हणणं रास्त आहे आणि मांडलंच पाहिजे.

याच कसोटीवर जागेचे दिवस पाहू. १० जानेवारी ते २० फेब्रुवारी हे ४१ दिवस. पण मजूर हजेरीपत्रक सांगतं की पहिले १५ दिवस कंत्राटदाराचाही माणूस जागेवर नव्हता. गोदाम, पाणी, स्टीलची खरेदी, काहीच झालेलं नव्हतं. झाडं नसती तरी ते १५ दिवस गेलेच असते. ते मागू नयेत, उरतात २६. त्यात वाट पाहण्याचे ४५ आणि वाढीव कामाचे ६५ मिळवले की १३६ दिवस होतात. एकूण उशीर १६४ दिवसांचा. उरलेले २८ कंत्राटदाराचे स्वतःचे: १५ सुरुवातीचे आणि १३ दिवाळीत शटरिंगची टोळी गावी गेली ती वेळेवर परतली नाही म्हणून गेलेले.

या कंत्राटदाराने काय करावं? माझं स्पष्ट मत आहे की त्याने मुदतवाढ मागावी, १३६ दिवसांची मागावी, आणि २८ दिवस आपले आहेत हे लपवू नये. त्या २८ दिवसांसाठी कलम २ मधल्या 'कमी रक्कम' या शब्दांवर बोट ठेवून सौम्य आकारणीची विनंती करावी. सगळेच १६४ दिवस विभागाच्या माथी मारले तर हजेरीपत्रक काढून कोणीही तो अर्ज पाडू शकतो, आणि मग खऱ्या १३६ दिवसांवरही संशय येतो. उलट काहीच मागितलं नाही तर पूर्ण ४० लाखांची टांगती तलवार राहते. एवढ्या कामातला सगळा नफा त्यात जाऊ शकतो. आणि तेवढंच नाही: भाववाढीचं कलम असलेल्या कामात मूळ मुदतीनंतरची भाववाढ मिळायची तर मुदतवाढ कंत्राटदाराच्या दोषाशिवाय मंजूर झालेली असावी लागते.

कंत्राटदार मागत नाहीत त्याचं खरं कारण कायद्याचं नसतं. 'साहेबांना राग येईल, पुढचं बिल अडेल,' ही भीती असते. ती खोटी नाही. पण अर्ज आरोपाच्या भाषेत लिहायला नको. 'आपल्या हलगर्जीमुळे' असं लिहिण्याची गरज नाही; 'वृक्षतोड परवानगी दि. २० फेब्रुवारी रोजी प्राप्त झाली' एवढं पुरतं. तारखा कोणाचा अपमान करत नाहीत. आणि बहुतेक अभियंत्यांना असा अर्ज सोयीचाच असतो, कारण उद्या लेखापरीक्षणात त्यांनाही उशिराचं कारण दाखवावं लागतं.

अडचण येते ती दुसरीकडून. मुदतवाढ मंजूर करताना बऱ्याचदा कंत्राटदाराकडून हमीपत्र घेतात: 'वाढीव मुदतीबद्दल कोणतीही नुकसानभरपाई किंवा जादा रक्कम मागणार नाही.' इथे आकड्यांचा विचार करावा. समजा, पडून राहिलेल्या ४५ दिवसांत मिक्सर, सेंटरिंगचं भाडं, साइट इंजिनिअर आणि वॉचमन यांचा खर्च रोजचा ९ हजार होता. म्हणजे ४ लाख ५ हजार. शिवाय बी-१ मध्ये काम थांबवल्याबद्दल किंवा विभागाकडून साहित्य उशिरा मिळाल्याबद्दल भरपाई नाकारणारी कलमंही आहेत (१५ आणि १५-अ), म्हणून हा दावा मिळवणं मुळात कठीण. त्यासाठी मुदतवाढच अडकवून ठेवणं शहाणपणाचं नाही. पण हमीपत्राचा मसुदा वाचूनच सही करा. त्यात भाववाढ आणि जादा बाबींची देयकंही सोडल्यासारखे शब्द असतील तर तेवढे वगळून घ्या. भाववाढ ही करारातली देणी आहे, नुकसानभरपाई नव्हे.

आणि समजा सगळं करूनही भरपाई आकारली गेली? दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अधीक्षक अभियंत्यांचा निर्णय अंतिम, हे शब्द भरपाई किती लावायची यापुरते आहेत. उशीर कोणामुळे झाला, हे करारातला एक पक्ष स्वतःच अंतिमपणे ठरवू शकत नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या तशाच कलमाबद्दल जे. जी. इंजिनिअर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हे स्वच्छ सांगितलं आहे. दुसरं, करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. नुकसान झालंच नसेल तर ठरलेली रक्कम तशीच कापता येत नाही, आणि नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं, हे २०१५ च्या कैलाश नाथ असोसिएट्सच्या निकालातून निघतं. ज्या कामात नुकसान मोजणंच अवघड, तिथे मात्र आधी ठरवलेला वाजवी आकडा टिकू शकतो. सार्वजनिक रुग्णालय सहा महिने उशिरा उघडलं तर लोकांचं नुकसान रुपयांत कसं मोजणार? म्हणून सरकारी कामात या निकालावर विसंबून निर्धास्त राहणं धोक्याचं आहे. न्यायालयात जावं लागू नये हीच खरी जीत. जलसेतूच्या त्या कंत्राटदाराला न्याय मिळायला बावीस वर्षांहून जास्त लागली.

मुदतवाढ मंजूर झाली की कार्यालयातून बाहेर पडण्याआधी तीन गोष्टी पाहा. आदेशात नवी तारीख आणि कोणत्या कलमाखाली किती दिवस, हे लिहिलेलं आहे का. भरपाई न लावता वाढ दिली आहे, की भरपाईचा निर्णय पुढे ठेवला आहे. आणि सुरक्षा ठेवीची बँक हमी व कामाचा विमा यांची मुदत नव्या तारखेपर्यंत वाढवली का. ही राहिली तर पुढच्या देयकात तीच हरकत येते.

दुसऱ्या खात्यांची कामं घेणाऱ्यांनी हे आकडे तसेच उचलू नयेत. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारात अडथळा कळवायला १४ दिवसच आहेत. परदेशी कर्जावरच्या मोठ्या प्रकल्पांत वापरल्या जाणाऱ्या फिडिकच्या साच्यात २८. बी-१ मध्येही विभाग अनेकदा अतिरिक्त अटींची पानं जोडतात आणि त्यात भरपाईचा दर बदललेला असतो. तुमच्या हातात सध्या चालू काम असेल तर निविदेची प्रत काढा, कलम २, ६ आणि १४ आणि शेवटी जोडलेल्या अटी वाचा, आणि आज जागेवर जे काम अडलं आहे ते कोणत्या तारखेपासून अडलं ते पाहा. त्या तारखेला ३० दिवस झाले नसतील तर पत्र आजच द्या.